दिव्याला टोपी मागणारा अर्ज

धुळा विरकर हा माणूस संशयानं भरलेला होता, आणि तो ते लपवतही नव्हता. नगरपालिकेत चहा आला की आधी दुसऱ्याला पिऊ द्यायचा, मग आपण पिणार. कुणी वाटेत थांबवून "आण्णा, बरं हाय का?" विचारलं, की घरी येईपर्यंत ह्याच्या डोक्यात तेच. ह्यानं आजच का विचारलं? त्याची बायको धोंडुबाई म्हणायची, "देव परसन्न झाला तर ह्यो मानूस आदी देवळाच्या मागल्या दारानं जाऊन बघून यील, खरा देवच हाय का म्हून."

तसा तो माण तालुक्यातला, म्हसवडच्या बाजूचा. बाप मेंढरं राखायचा. एका दुष्काळात मेंढरं संपली आणि सोळा वर्षांचा धुळा चालत चालत कृष्णाकाठच्या ह्या गावात आला. तेव्हा गावात रॉकेलचे दिवे होते. खांद्यावर शिडी, हातात रॉकेलचा डबा आणि काखेत काचा पुसायचं फडकं घेऊन रोज चाळीस दिवे लावायचे, हे त्याला काम मिळालं. लोक दिव्यातलं रॉकेल चोरायचे. चांगले धोतर-कोटवाले लोक बरं का! चूल पेटवायला रॉकेल ह्यांना, आणि शिव्या खायला धुळा. संशय त्याला तिथं चिकटला आणि मग सुटला नाही. पुढं वीज आली, शिडी तीच राहिली, धुळाचा 'दिवाबत्ती मुकादम' झाला. तरी प्रत्येक बल्बच्या बुडाला गेरूचा ठिपका लावल्याशिवाय तो बल्ब खांबावर चढवायचा नाही. गावातल्या कुणाच्या घरात आपला बल्ब लागला तर ओळखता यावा म्हणून.

एक गुण मात्र मान्य करायलाच हवा. दिवेलागणीला नाक्यावरच्या पेटीतला खटका वर केला, की तो आधी हात जोडायचा. मग घरी जायचा, कारण पहाटे पाचला दिवे बंद करायला परत यायचं असे. नव्या रस्त्याला त्यानं गेल्या वर्षी बावीस मर्क्युरी दिवे लावले होते. पांढरेफटक, निळसर झाक मारणारे. सगळ्या तालुक्यात तसे दिवे नव्हते. पण नाका इकडं आणि तो रस्ता पार तिकडं, त्यामुळं लावल्यापासून एकाही दिव्याखाली तो अंधार पडल्यावर उभा राहिला नव्हता. लांबून बघायचा आणि छाती फुगवायचा. रिटायर व्हायला चार महिने उरले होते, आणि ते बावीस दिवे म्हणजे त्याच्या आयुष्याची कमाई, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

अशात शहात्तर सालच्या दिवाळीआधी तो अर्ज आला.

नव्या रस्त्याला माजी सैनिकांची वसाहत होती. ऊसवाल्या घरांतले, फौजेतून पेन्शनीवर आलेले लोक. त्यांच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष सुभेदार हंबीरराव यादव. अर्ज त्यांच्याच अक्षरात होता, फौजी, ताठ उभा. आवक नोंदीचा शिक्का, त्याखाली मुख्याधिकाऱ्यांचा शेरा: 'दिवाबत्ती मुकादम, समक्ष पाहणी करून पंचनाम्यासह अहवाल द्यावा.' धुळानं अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

लिहिलं होतं असं: 'रस्त्यावरचे दिवे उघडे असल्यानं त्यांचा उजेड चहूबाजूंस आणि आभाळात जातो. घरांत रात्रभर दिवसासारखा उजेड राहून म्हाताऱ्याकोताऱ्यांना झोप नाही. किड्यांचा उपद्रव वाढला आहे. रस्त्यानं येणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप येऊन समोरचं दिसत नाही. शेजारच्या रानातल्या पिकावरही परिणाम होत आहे. तरी दिवे बंद न करता प्रत्येक दिव्यावर पत्र्याची टोपी बसवावी, म्हणजे उजेड फक्त खाली रस्त्यावर पडेल.' खाली सहा सह्या आणि एक अंगठा. अंगठ्यापुढं नाव होतं, हरणाबाई कोळेकर.

चाळीस वर्षांत धुळाकडं दिवा मागणारे अर्ज शेकड्यांनी आले होते. आमच्या बोळाला दिवा द्या, आमच्या दारात खांब रोवा, त्यांच्यात दोन आमच्यात एक का. उजेड कमी करा म्हणणारा अर्ज पहिलाच! आणि तो अर्ज नेमका त्याच्याच बावीस दिव्यांवर. धुळाच्या डोक्यात चक्र सुरू झालं. अंधार कुणाला लागतो? चोराला लागतो, हातभट्टीवाल्याला लागतो. आणि हा अंगठा कुणाचा? वसाहतीत हरणाबाई नावाचं कुणी नव्हतं.

ओव्हरसियर लालासाहेबांनी तर आणखी फोडणी दिली. ते म्हणाले, "धुळा, साल कुठलं हाय? आणीबाणीचं. आन् ह्ये लोक दिव्यावर झाकण मागत्यात. बैठकाबिठका घ्यायच्या असतील गड्या. नीट बघून ये."

"बघतोच की," धुळा म्हणाला. "मला काय खुळा समजलाय व्हय?"

आता बघा, नगरपालिकेचा पंचनामा म्हणजे कचेरीच्या वेळेत. अकरा ते पाच. त्यानंतर पंच मिळत नाहीत, आणि मिळाले तरी ओव्हरसियर सही करायला जाग्यावर नसतात. आजवर बल्ब फुटल्याचे, खांब वाकल्याचे पंचनामे धुळानं असेच दुपारचे केले होते. त्यामुळं दिव्याच्या उजेडाचा पंचनामा करायला तो भर बारा वाजता निघाला, ह्यात त्याला स्वतःला काही वावगं वाटलं नाही, आणि कचेरीतही कुणाला वाटलं नाही. बरोबर पंच म्हणून आकाराम चहावाला. गावात पंच म्हटलं की आकारामच. बिनपैशाची सही करायचा, आणि कशावर केली ते कधी विचारायचा नाही.

नव्या रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. बावीस दिवे आपल्या खांबांवर गप विझून बसले होते. धुळानं खालून एकेक दिवा बघितला. काचा धड, गेरूचे ठिपके जाग्यावर. वसाहतीतल्या घरांत डोकावून बघितलं, तर ज्याच्या त्याच्या जागी सूर्याचा उजेड. सुभेदार सांगलीला गेले होते.

अकराव्या खांबाच्या पलीकडं, वसाहतीच्या कुंपणाला लागून, शेवंतीचं रान होतं. जेमतेम दहा गुंठे. रानात एक बाई तण काढत होती. खांब आणि रान ह्यांच्यामध्ये विहिरीवरच्या मोटारीची उंच, दगडी खोली.

"हरणाबाई कोळेकर कोन?" धुळानं विचारलं.

"मीच की," बाई उठून उभी राहिली. पन्नाशीची, हाताला मातीच माती. बोलण्यावरून तिची बाजू लगेच कळली. कवठे महांकाळची. म्हणजे त्याच्यासारखीच दुष्काळी मुलखातली, मेंढरांच्या घरातली. दुसरा कुणी असता तर 'आपल्या मुलखाची बाई' म्हणून खूश झाला असता. धुळाचा संशय उलट वाढला. आपल्या मुलखाची माणसं पोटासाठी काय काय करतात ते त्याला ठाऊक होतं.

"तू वसाहतीतली न्हाईस, मग अर्जावर अंगठा का दिलास?"

"आवं आण्णा, माझी शेवंती फुलंना म्हून. त्या दिव्यानं. गेल्या सालीबी फुलली न्हाई. रानाच्या मालकानं सांगितलंय, औंदा फुलं न्हाई निगाली तर रान सोड, ऊस लावायचाय. सुभेदार म्हनले, अर्जात तुझंबी लिवतो."

"दिव्यानं फुलत न्हाई?" धुळा हसला. "दिवा काय शेवंती खातो व्हय?"

पण हसता हसता त्याची नजर रानावर गेली आणि तिथंच अडकली. सगळं रान हिरवंगार, गुडघ्याच्या वर वाढलेलं, पानंच पानं, कळीचा पत्ता नाही. आणि त्या हिरव्याच्या मधोमध एक पट्टा मात्र पिवळाजर्द फुललेला. तोही सरीबरोबर नव्हे. सऱ्या सगळ्या सरळ, आणि हा पट्टा त्या सऱ्यांना आडवा कापत तिरका गेलेला, मोटारीच्या खोलीजवळ अरुंद, पुढं पुढं सुपासारखा रुंद होत.

"ही फुलं कशी आली मग?"

"तेच तर सांगतीया..."

पण धुळाला ऐकून घ्यायचं नव्हतं. त्याला उत्तर आधीच सापडलं होतं. बाईनं तेवढ्यालाच खत घातलं असणार. किंवा बाकीच्यावर काहीतरी फवारून दिव्यावर बालंट आणलंय. नाहीतर फुलं अशी वाकडी कुठं फुलतात? त्यानं आकारामच्या पाठीवर कागद ठेवून पंचनामा लिहिला: 'समक्ष पाहणी केली असता दिव्यांचा प्रकाश घरांत अगर रानात शिरत असल्याचे दिसून आले नाही. तक्रारीत तथ्य नाही. मजकूर पंचांस वाचून दाखविला व तो खरा असल्याचे त्यांनी सांगितले.' ही शेवटची ओळ प्रत्येक पंचनाम्याला असतेच. ती लिहायची असते, करायची नसते. आकारामनं सही केली. दुसरा पंच पाहिजे होता, आणि उन्हात दुसरं चिटपाखरू नव्हतं.

"बाई, हितं अंगठा दे."

"कशाला?"

"मी येऊन गेलो, त्येची खूण म्हून."

हरणाबाईनं मातीचा अंगठा लुगड्याला पुसला, शाईत बुडवला आणि दिला.

अहवाल गेला, लालासाहेबांची सही झाली, अर्ज दप्तरी दाखल झाला, आणि वसाहतीला पंचनाम्याच्या नकलेसह कळवण्यातही आलं. झालं, विषय मिटला. दुसऱ्या कुणाचा मिटला असता. पण संशयी माणसाची पंचाईत अशी, की त्याला स्वतःच्या उत्तराचाही संशय येतो. धुळाला जेवताना तो पिवळा पट्टा दिसायचा. खत घालायचं तर बाई सरीनं घालेल, असं वाकडंतिकडं कोण घालील? आणि फुलं येऊ नयेत म्हणून स्वतःच्याच रानावर औषध मारणारी बाई जगात असेल का? मग ह्यात तिसराच कुणीतरी आहे. कुणीतरी अंधाराची वाट बघतोय. पाच-सहा दिवसांनी त्यानं धोंडुबाईला सांगितलं, "आज यायला उशीर हुईल. चोर धरायचाय."

"कसला चोर?"

"ते धरल्यावर सांगतो."

नाक्यावरचा खटका वर केला, हात जोडले, आणि सायकल हाणत तो नव्या रस्त्याला आला. नुकताच काळोख पडला होता. आणि त्या रस्त्यावर शिरल्याबरोबर त्याला डोळे मिटून घ्यावे लागले. समोरून दिव्याची तिरीप अशी येत होती की सायकलच्या चाकाखाली काय आहे ते दिसेना. एका बैलगाडीवर आदळता आदळता वाचला, गाडीवाल्यानं आईबाप काढले. धुळानं सायकल हातात धरली. दिव्याभोवती किड्यांचा घोंगावणारा गोळा. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारा तोंडावर टॉवेल टाकून पडला होता. खिडक्यांना गोणपाटं लावलेली. धुळानं मनाला दामटून गप्प केलं. चोर धरायला आलोय, दिवे बघायला नव्हे.

मोटारीच्या खोलीमागं तेवढा काळोख होता. त्यात तो जाऊन बसला. बसल्यावर डोळे जरा सरावले आणि त्यानं समोर बघितलं. सगळं रान दिवसासारखं लखलखत होतं, पान न् पान मोजून घ्यावं असं. फक्त खोलीची सावली रानात पडली होती. खोलीजवळ अरुंद, पुढं सुपासारखी रुंद होत गेलेली, सऱ्या सोडून तिरकी. आणि त्या सावलीतच, बरोबर त्या सावलीपुरतीच, शेवंती फुललेली होती.

अरे देवा! धुळा उठला. सावलीच्या कडेला जाऊन वाकला. अलीकडच्या रोपाला फुलं, पलीकडच्या रोपाला नुसती पानं. दोन्हींच्या मधून सावलीची रेघ गेली होती. माणसानं दोरी धरून आखली असती तरी इतकी सरळ आली नसती. माणदेशातल्या पोराला हे कुणी शिकवायला नको होतं. रात्री मोठ्या होऊ लागल्या की थंडीतली फुलं धरतात, हे मेंढरांमागं फिरताना त्यानं बघितलेलं. ह्या रानात गेल्या वर्षापासून रात्र झालीच नव्हती. ती त्यानंच होऊ दिली नव्हती.

तेवढ्यात माणसांचा आवाज आला आणि तो पटकन खोलीमागं सरकला. सुभेदार हंबीरराव हातात कागद घेऊन रानाच्या बांधावर उभे होते, समोर हरणाबाई.

"ही नक्कल आज आली," सुभेदार कडाडले. "ह्यो अंगठा कुनाचा? आमी सहा जनं तुझ्यासाठी सह्या करतोय, आन् तू पालिकेला लिहून देतीस, तक्रारीत तथ्य न्हाई? कुनी फितवलं तुला?"

"मी न्हाई वं सुभेदार! मला म्हनला, येऊन गेल्याची खूण म्हून अंगठा दे."

"हितं लिवलंय, वाचून दाखवलं."

"कुनी न्हाई दाखवलं! सिद्धनाथाची आन!"

"आता आमी परत अर्ज करावा तर कुठल्या तोंडानं? त्ये म्हनतील, तुमचीच बाई न्हाई म्हनती." सुभेदार दोन पावलं पुढं आले आणि थांबले. "कोन हाय रं तिकडं?" त्यांनी कपाळावर हात आडवा धरला. पण दिवा नेमका त्यांच्या डोळ्यांत होता. दहा हातांवर उभा असलेला धुळा त्यांना दिसला नाही. बावीस मर्क्युरी दिव्यांच्या उजेडात माणूस दिसत नव्हता! धुळा चोरपावलांनी मागं सरला, सायकल उचलून बांधापलीकडं नेली आणि पळाला. होय, पळाला. चोर धरायला गेलेला माणूस चोरासारखा घरी आला.

"घावला का चोर?" धोंडुबाईनं ताट वाढता वाढता विचारलं.

"घावला," धुळा म्हणाला. आणि मग ताटाकडं न बघता त्यानं तिला सगळं सांगितलं.

धोंडुबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सगळ्या गावाच्या अंगठ्यावर संशय घेनारं तुमी, आन् त्या बाईनं तुमच्यावर इस्वास ठिवला तर तिचंच वाटुळं केलंत. काय म्हनावं तुमास्नी!" धुळाला त्या रात्री भाकरी गेली नाही.

सकाळी तो लालासाहेबांपुढं उभा राहिला. "सायेब, माझा अव्हाल खोटा हाय. दिव्याचा पंचनामा म्या उन्हात केला. परत पाहनी कराय पायजे."

लालासाहेबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काय दिलं रं तुला सुभेदारानं?"

"काय न्हाई सायेब."

"फौजी लोक हाईत. रमची बाटली दिली असंल."

"म्या दारू पीत न्हाई, तुमाला ठावं हाय."

"मग बाईचं काय..."

"सायेब!" धुळा ओरडला. अख्ख्या कचेरीनं माना वर केल्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या चांगुलपणात खोट शोधणाऱ्याला आज कळलं, की खरं बोलून उभं राहिल्यावर समोरच्याची ती नजर कशी लागते. अंगाची लाही लाही झाली त्याच्या.

लालासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ धुळा, तुझं चार म्हैनं ऱ्हायल्यात. पंचनामा खोटा हाय असं तू लिहून दिलंस तर चौकशी लागंल. सर्व्हिस बुकात लाल शाईनं नोंद हुईल. चाळीस वर्सांत तुझ्या नावावर एक डाग न्हाई. त्यापरीस सोपं सांगतो. बाईला वाचून दाखवलं हुतं, पन आता ती जबाब फिरवतीया, असं लिही. मग मी फेरपाहनी मांडतो स्थायी समितीपुढं. टोप्याबी बसतील, तूबी सुटशील. बाईचं काय जातंय?"

वाट खरंच सोपी होती. टोप्या बसल्या असत्या, शेवंती वाचली असती. फक्त हरणाबाई कागदावर खोटारडी ठरली असती, आणि कागद तिला वाचता येत नव्हता. तिला कळलंही नसतं. धुळा दिवसभर दिवाबत्तीच्या खोलीत फुटक्या बल्बांच्या ढिगापाशी बसून राहिला. लाल शाईची नोंद त्याला डोळ्यांपुढं दिसत होती. बावीस दिवे लावून मिळवलेलं नाव, आणि त्याच्यापुढं तो शेरा. पाचच्या सुमारास त्यानं कागद ओढला आणि लिहायला बसला.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकावं हे बरं. स्थायी समितीत बराच गोंधळ झाला. एक सभासद म्हणाले, लोक दिवे मागतात आणि आपण झाकायचे कसे? दुसरे म्हणाले, बावीस टोप्या नकोत, रानाकडंचे चार खांब करून बघू. मुख्याधिकारी, लालासाहेब आणि दोन सभासद अंधार पडल्यावर रस्त्यावर जाऊन आले, आणि परत येताना एक सभासद गटारात पडले तेव्हा ठराव एकमतानं झाला. पत्र्याच्या टोप्या धुळानंच शिडीवर चढून बसवल्या. शेवंती जानेवारीत फुलली, उशिरा, पण मालकानं रान काढून घ्यावं इतकी वाईट नाही. आणि धुळा विरकराच्या सर्व्हिस बुकात 'पंचनाम्यात हयगय व खोटा मजकूर, सक्त ताकीद' अशी नोंद पडली, लाल शाईनं. तिच्यासकट तो रिटायर झाला.

पण खरी गोष्ट ती नव्हे. खरी गोष्ट आहे कागद लिहिला त्या संध्याकाळची.

कागद हरणाबाईच्या जबाबासहित द्यायचा होता, म्हणून नाक्यावरचा खटका वर करून तो तिच्या रानात गेला. बांधावर सुभेदार होते, त्यांची सून शालू होती, शाळा शिकलेली. त्याला बघून हरणाबाई दोन पावलं मागं सरली आणि तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. ते हात लपवलेले बघून धुळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, माझं चुकलं," तो म्हणाला. "तसं ह्यात लिवलंय. वाचून दावतो. मग पटलं तर अंगठा दे."

"तुमी वाचू नगा," हरणाबाई म्हणाली. "शालू, तू वाच गं. ह्यो मानूस काय म्हनतोय आन् कागद काय म्हनतोय, दोन्ही एकच हाय का बघ."

दुसऱ्या कुणी आपल्यावर असा अविश्वास दाखवला असता तर धुळानं तिथल्या तिथं भांडण काढलं असतं. त्यानं मुकाट्यानं कागद शालूच्या हातात दिला. दिवे लागले होते, अकराव्या खांबाचा उजेड कागदावर पडत होता. शालूनं वाचलं: 'मी, दिवाबत्ती मुकादम, दिव्यांची पाहणी दिवसा केली. हरणाबाई कोळेकर यांना मजकूर वाचून दाखवला नाही. येऊन गेल्याची खूण असे खोटे सांगून त्यांचा अंगठा घेतला. त्यांचा यात काही दोष नाही. अर्जातील तक्रार मी स्वतः अंधार पडल्यावर पाहिली, ती खरी आहे.'

"परत वाच," हरणाबाई म्हणाली.

शालूनं परत वाचलं. हरणाबाईनं पदराखालून हात काढला, अंगठा पुसला, आणि शाईच्या डबीवर धरून थांबली.

"आण्णा," ती म्हणाली, "ह्यो कागद दिल्यावर तुमचं काय हुईल?"

"काय न्हाई. ताकीद मिळंल. लाल शाईत लिवतील."

"घरात सांगितलंय का?"

"सांगितलंय."

"नीट इचार केलाय न्हवं? तुमाला कुनी भरीला घालून तर ह्ये लिवून घेतलं न्हाई? मला सांगा. कुनी घेतलं असंल तर म्या अंगठा देनार न्हाई. माझ्या फुलापायी तुमचं वाईट नगं."

सवय वाईट असते. धुळाचं मन आपोआप धावलं, ह्या बाईचा ह्यात काय डाव, काय फायदा, कुणी शिकवून ठेवलंय हिला. इकडं धावलं, तिकडं धावलं, सगळे कोपरे धुंडाळून आलं, आणि हाताला काही लागलं नाही. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. त्याला रडूच आलं, सुभेदारासमोर, त्यांच्या सुनेसमोर, भर उजेडात.

"कुनी न्हाई बाई," तो कसाबसा म्हणाला. "माझं मीच लिवलंय."

मग हरणाबाईनं अंगठा दिला.